काळ्या शर्टामागं काय उरतं

एका शर्टामागं शंभर रुपये सुटतात, हे शिवहारनं घरात इतक्या वेळा सांगितलं होतं की त्याची आई सुमनबाई शेजारणीला तो आकडा गावच्या लोकसंख्येसारखा सांगायच्या. त्यात शंका घेण्यासारखं काही आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. त्याच्या बायकोला, दिपालीलाही नाही, आणि शर्टावरची चित्रं तर तीच काढायची.

त्या दिवशी जेवताना शिवहारनं तोच आकडा पुन्हा काढला, पण आता त्याला शेपूट होतं. पुण्यात एक जुनी मशीन विकायला आहे. कागद लागत नाही, थेट कापडावर छापते. आज दिवसाला सात-आठ शर्ट निघतात, ती चाळीस काढील. चाळीस गुणिले शंभर किती होतात ते त्यानं सांगितलं नाही, ज्यानं त्यानं मनातल्या मनात करून घ्यावं म्हणून थोडा थांबला. मग म्हणाला, मेंढरं विकावी.

त्याच्या बापानं, मसाजीनं, भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून ठेवला आणि तसाच राहू दिला. त्याच्याजवळ साठ-पासष्ट जनावरं होती, मेंढरं जास्त, शेरडं थोडी. गुडघे धरायला लागले होते आणि त्याच्यानंतर कळपामागं चालणारं घरात कोणी नव्हतं. एकुलता एक पोरगा आखाडा बाळापूरच्या बसस्टँडजवळ कॉम्प्युटर लावून बसला होता. म्हणजे आज ना उद्या विकायचीच होती. पण विकून रानाचं काही करायचं की पोराच्या मशीनीत घालायचं, एवढंच त्याला ठरवायचं होतं. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायची त्या घरात पद्धत नव्हती, म्हणून तो बायकोकडं बघून बोलला.

"इचार सूनबाईला. ती बसती त्या डबड्याफुडं. धंदा बराबर हाय म्हनती का?"

दिपाली चुलीजवळ होती. पदर सावरून ती म्हणाली, हो, चांगला चाललाय. मसाजीनं मग तो भिजलेला तुकडा खाल्ला. आठवडी बाजाराच्या दिवशी थावरा व्यापाऱ्याला गाडी घेऊन बोलवायचं ठरलं. थावरानं इसारा म्हणून पाच हजार दिलेही, आणि ते पाच हजार शिवहारनं त्याच दिवशी पुण्याच्या मशीनवाल्याला बयाणा म्हणून धाडले. पैसा घरात एक रात्रही मुक्कामाला राहिला नाही.

दुकानाची गोष्ट अशी. दोन हजार सातला शिवहारनं झेरॉक्स, टायपिंग आणि लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं, आणि हिंगोलीला डीटीपीचा कोर्स केलेली बायको त्याला मिळाली. पत्रिकांचा हंगाम संपला की दोघं माश्या मारत. मग कुठून तरी त्याच्या डोक्यात टी-शर्ट आले. माल भरून ठेवायचा नाही, ऑर्डर आली की तेवढाच छापायचा. इंटरनेटवर एक पान, ऑर्कुटवर एक कम्युनिटी, ऑर्डर मेलवर नाही तर मेसेजवर. साधा प्रिंटर, खास कागद आणि इस्त्रीची मोठी बहीण शोभेल असं एक हीट प्रेस. कागदावर चित्र उलटं छापायचं, शर्टावर ठेवून दाबायचं, कागद सोलला की चित्र सुलटं. पहिल्या आठवड्यात शिवहार उलटं करायला विसरला आणि अक्षरं आरशात बघितल्यासारखी उमटली. तो शर्ट मसाजी अजून रानात घालतो. मेंढरांना वाचता येत नाही.

सुरुवातीला त्यांनी इंग्रजी वाक्यांचे शर्ट केले. महिनाभर एकही विकला गेला नाही, आणि जाईल कसा? तसले शर्ट पुण्यात पदपथावर ढिगानं मिळतात. ते कोण बाळापूरहून मागवील? मग क्रिकेटचे केले. तेही तसंच. वाट सापडली ती दिपालीचा भाऊ मुन्ना याच्यामुळं. तो पुण्यात शिकायला होता. फोनवर म्हणाला, इकडं मी 'का'च्या जागी 'काहून' म्हणलं की पोरं हसतात, म्हणून मी आता मुद्दामच म्हणतो. दिपालीनं पांढऱ्या शर्टावर जाडजूड काळ्या अक्षरात एकच शब्द टाकला, 'काहून?', आणि मुन्नाला एक धाडला. पंधरा दिवसांत त्याच्या होस्टेलातून नऊ ऑर्डरी आल्या. हिंगोली, परभणी, नांदेडची जी पोरं पुण्यात खोल्या करून राहत होती, ती त्यांची गिऱ्हाइकं. जगातल्या सगळ्यांसाठी केलेला शर्ट कोणीच घेत नाही आणि मूठभरांसाठी केलेला ती मूठ सोडत नाही, हे त्यांना असं कळलं.

त्यानंतर आला काळा शर्ट. त्यावर तिनं सासऱ्याच्या कळपातला मेंढा काढला, वळलेल्या शिंगांचा, रागीट नाकाचा. आणि खाली ज्यानं मागवला त्याचं गाव आणि टोपणनाव. 'पुसेगावचा वाघ्या.' 'नरसीचा नाना.' पोरं वेडी झाली. एक ऑर्डर पांढऱ्याची आली तर तीन मेंढ्याच्या. कोणी कोणी तो शर्ट घालून फोटो काढून कम्युनिटीवर टाकायचे आणि खाली विचारायचे, हे काढलं कोणी? शिवहार लिहायचा, आमच्या घरी. एवढंच. पण दिपाली ते रोज एकदा उघडून वाचायची. आयुष्यात पहिल्यांदाच लांबच्या माणसांनी तिचं काही मागून घेतलं होतं.

मशीनीचं ठरल्यावर चार दिवसांनी मसाजीची बहीण धुरपताबाई दोन पोरं घेऊन मुक्कामाला आली. जाताना पाहुण्याला मोकळ्या हातानं धाडत नाहीत. पूर्वी सुमनबाई पुरुषमाणसाला टॉवेल-टोपी द्यायच्या. गेल्या वर्षापासून टॉवेल-टोपी बंद झाली होती. पोस्टातून परत आलेले शर्ट एका पोत्यात असायचे, त्यातून मापाचा शर्ट काढायचा, नारळ ठेवायचा, झालं. पाहुणेही खूश, टॉवेल काय, घरोघर पडलेत.

त्या दिवशीही पोतं उपसलं. धाकट्याला 'साखऱ्याचा सोन्या' बसला. थोरला पेमा अंगानं मोठा, त्याला 'वसमतचा भाऊराव' घालावा लागला.

धुरपताबाई म्हणाली, "वयनी, माजा पेमा वसमतला कदी गेला न्हाई. बाप बदलून राहिली का काय त्याचा?"

सगळे हसले. पेमानं शर्ट घातला, छातीवरचा मेंढा हातानं चाचपला आणि म्हणाला, आमच्या वस्तीवर आता अशी धा-पंधरा नावं झाली, कोन कोनाचा कळंना. तोही हसण्यावारी गेला.

दिपाली मात्र हसता हसता थांबली. धा-पंधरा एका वस्तीवर. गेल्या महिन्यात नरसीच्या पाहुण्यांना दिले ते वेगळे. मागच्या लग्नात दिले ते वेगळे. आणि पोतं तर अजून भरलेलं होतं.

व्ही.पी.चा हिशेब तिला ठाऊक नव्हता असं नाही. पार्सल पोस्टानं जायचं, पोरगं पोस्टमनला पैसे द्यायचं, मग मनीऑर्डर यायची. पण पोरगं सुट्टीला गावाकडं गेलेलं असायचं, महिनाअखेर खिसा रिकामा असायचा, नाही तर मागवताना चढलेली हौस आठवड्यात उतरलेली असायची. मग पार्सल परत. पांढरा 'काहून' परत आला तर पुन्हा दुसऱ्याला धाडता यायचा. 'वसमतचा भाऊराव' मात्र जगात एकालाच विकता येतो, आणि त्यानंच नाही म्हटलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात दुपारी लाईट गेली. बाळापुरात तेव्हा लाईट जाणं ही बातमी नव्हती, येणं होती. प्रिंटरमध्ये मेंढा अर्धाच छापून अडकला होता, शिंगं बाहेर, तोंड आत. म्हणजे एक कागद गेला. असे अर्धे कागद टोपलीत जात, त्यांनाही कोणी मोजत नव्हतं. दिपालीनं तो ओढून काढला आणि त्याच्याच पाठीवर हिशेब मांडला.

शिवहारचा शंभराचा आकडा कसा आला होता ते तिला आता दिसलं. शर्ट एकशे नव्व्याण्णवला विकायचा, कोरा काळा शर्ट ऐंशीला यायचा, राहिले एकशे एकोणीस. वरचे एकोणीस किरकोळ खर्चाला. त्या किरकोळात काय काय कोंबलं होतं ते तिनं एकेक करून बाहेर काढलं. काळ्या कापडासाठी वेगळा जाड कागद लागतो, पांढऱ्या थराचा, तो एकच पन्नासला पडतो. शिवहार तो गठ्ठ्यानं आणायचा आणि गठ्ठा म्हणजे भांडवल म्हणायचा, मशीनीच्या रांगेत बसवायचा. शाई सहा. पिशवी, चिकटपट्टी चार. पोस्ट पस्तीस. मनीऑर्डरचं कमिशन दहा. बेरीज एकशे पंच्याऐंशी.

म्हणजे शंभर नाही. चौदा.

तेही शर्ट पोचला तर. परत आला तर कमिशन तेवढं वाचायचं, बाकी एकशे पंच्याहत्तर गेले. एक भाऊराव परत आला की बारा-तेरा जणांनी आनंदानं घेतलेल्या शर्टांचा नफा एकटा गिळून बसत होता. आणि परत येत होते दहातले दोन. दहा काळे शर्ट धाडले की घरातून सव्वादोनशेच्या वर जात होते. पांढऱ्याचं तिनं मांडलं तर त्यात एकसष्ट सुटत होते, आणि परत आला तरी फक्त पोस्ट-पिशवीचे एकोणचाळीस बुडायचे.

तिच्या मेंढ्यावर ते जगत नव्हते. तिचा मेंढा 'काहून'चं खात होता, आणि तेवढ्यानं भागलं नाही की पुण्याच्या कोऱ्या शर्टांच्या व्यापाऱ्याचं. तो दोन महिन्यांच्या उधारीवर माल द्यायचा. पोस्टमन रोज रोख आणून द्यायचा, गल्ला भरलेला दिसायचा, आणि देणं पुण्यात बसून वाढायचं.

तिनं आपल्या कामाचे पैसे कुठंच धरले नव्हते. ते तिच्या लक्षात आलं, पण तो हिशेब तिनं तेव्हा सोडून दिला. आधीच पुष्कळ झालं होतं.

शिवहार जेवून आला तेव्हा तिनं कागद त्याच्यापुढं ठेवला. तो बी.कॉम. होता, त्यामुळं चूक शोधायला त्याला वेळ लागला नाही, फक्त चूक सापडली नाही. तेव्हा तो म्हणाला की परत आलेले शर्ट काही वाया गेले नाहीत, पाहुण्यांच्या अंगावरच आहेत, टॉवेल-टोपीचा खर्च वाचला.

"टॉवेल-टोपी चाळीसात व्हायची," दिपाली म्हणाली. "आपुन एकशे पंच्याहत्तरची देऊन राहिलो. आन् माणसं वाढलीत. आता तर शर्ट मिळतो म्हनून येतात."

मग त्यानं दुसरी बाजू धरली. भाव वाढवू. दोनशे एकोणपन्नास करून मागं बघितलं होतं, ऑर्डरी निम्म्यावर आल्या होत्या, हे तिनं सांगायच्या आधीच त्याला आठवलं. मग पैसे आधी घेऊ. पण होस्टेलातलं पोरगं बाळापूरच्या न बघितलेल्या दुकानाला आधी मनीऑर्डर कशाला करील? शेवटी तो मशीनीवर आला. मशीनीला कागद नाही, पन्नास वाचतील.

तेही तिनं मशीनवाल्याला फोनवर विचारून ठेवलं होतं. काळ्या कापडावर आधी पांढरी शाई मारावी लागते आणि ती महाग. शर्टामागं फार तर वीस वाचतील. त्यानंही परत येणाऱ्या शर्टांचं भोक बुजत नव्हतं. शिवाय ती शाई मशीन बंद पडली की आत वाळते, आणि इथं दिवसाचे बारा तास लाईट नाही.

शिवहार बराच वेळ प्रेसचं हँडल वरखाली करत राहिला. प्रेस गार होतं.

"बापाफुडं बोलू नको," तो म्हणाला. "थावराचा इसारा घेतलाय. बयाणा गेलाय. मी सगळ्यास्नी शंबर सांगून बसलोय. आता चौदा सांगू?"

"चौदा बी न्हाईत."

"तुजाच मेंढा हाय त्यो," शिवहार म्हणाला. "तुला काय, तुजी वाहवा झाली."

हे त्यानं रागानं म्हटलं, पण नेम बरोबर बसला. तिला खरंच तसं वाटत होतं. काळा शर्ट बंद करायचा म्हणजे तो फोटोखालचा प्रश्नही बंद. कागदाच्या पाठीवर बेरीज करताना दोनदा तिनं ती पुन्हा केली होती, ती चुकली असावी म्हणून. आणि वर, धंदा चांगला चाललाय असं चुलीजवळून बोललेलीही तीच. सासऱ्यानं पोराला विचारलं नव्हतं. तिला विचारलं होतं.

बाजाराच्या आधीचे दोन दिवस दोघं कामापुरतं बोलले. ऑर्डरी येत होत्या, आणि नेहमीपेक्षा जास्तच. ती मेंढे छापत होती आणि प्रत्येक कागद सोलताना मनात आकडा यायचा. शिवहार पार्सलं बांधून पोस्टात नेऊन टाकत होता, तिच्याकडं न बघता.

बाजाराच्या दिवशी सकाळी थावरा गाडी घेऊन वाड्याजवळ आला. वाडा म्हणजे मेंढरांचा, काटेरी फांद्यांचा. थावरा जनावराच्या पाठीवर हात दाबून वजन सांगायचा आणि भाव पाडताना त्याच जनावराची कीव करायचा. मसाजी एकेक मेंढरू पुढं करत होता. शिवहार गाडीच्या फळीजवळ उभा राहून फोनवर मशीनवाल्याशी बोलत होता, ट्रान्सपोर्टचं कसं करायचं म्हणून. दिपाली सासूबरोबर चहा घेऊन आली होती.

पहिली पाच-सहा शेरडं गाडीत चढली. मसाजी थांबला, कप घेतला आणि सुमनबाईंकडं बघून म्हणाला, "सूनबाईला एक डाव पुन्हा इचार. धंद्याचं बराबर हाय ना? एकदा गाडी गेली म्हंजे गेली."

त्यानं असं पुन्हा का विचारलं, कोणास ठाऊक. कदाचित दोन दिवस घरात कोणी नीट बोलत नव्हतं ते त्याला ऐकू आलं असेल. सुमनबाई सुनेकडं वळल्याच नाहीत; उत्तर त्यांना पाठ होतं. त्यांनी तोंड उघडलं होतं, शंभराचा आकडा ओठावर होता.

"मामंजी," दिपाली म्हणाली. सासऱ्याला तिनं नाव घेऊन हाक मारली असती तरी लोक एवढे चपापले नसते. "काळा शर्ट जितका इकतो तितका बुडवतो. मेंढ्याचा. मी मांडून पाह्यलं. मशीन आली तरी बुडवंल. मी तवा हो म्हनलं ते मला ठाऊक नव्हतं म्हनून."

थावरानं शेरडाच्या पाठीवरचा हात काढला. शिवहारनं फोन कानाला तसाच धरला, पण बोलणं थांबवलं.

मसाजी सुनेकडं न बघताच बोलला, पण या वेळी मध्ये सुमनबाई नव्हत्या. "किती बुडवतो?"

"धा धाडले की सव्वादोनशे जातात."

"आन् ते पांढरं?"

"त्यात उरतात."

मसाजीनं चहा पिऊन कप खाली ठेवला. मग मुलाला विचारलं, बुडतंय तर मग देणं किती झालंय. शिवहारनं सांगितलं नाही, तेव्हा बापानं दुसऱ्यांदा विचारलं. आकडा ऐकून सुमनबाई खाली बसल्या. मसाजीनं तो आकडा तोंडातल्या तोंडात म्हटला, गाडीतल्या शेरडांकडं बघितलं आणि वाड्यातून त्या देण्यापुरती आणखी बारा-तेरा मेंढरं वेगळी केली. चांगली केली, लंगडी नाही. थावराला म्हणाला, एवढी ने, इसारा यातनंच कापून घे. थावरा कुरकुरला, अख्ख्या कळपाच्या हिशेबानं गाडी आणली होती, भाड्याचं काय? शेवटी भाडंही त्यातच घातलं गेलं. मशीनवाल्याचा बयाणा बुडाला.

गाडी गेल्यावर शिवहार दुकानात गेला नाही. संध्याकाळी आला, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशीही दिपालीशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशीही. सुमनबाईंनी तिला ऐकवलं की नवऱ्याला व्यापाऱ्यापुढं उघडं पाडायचं नसतं. घरात सांगितलं असतं तर? नवऱ्याला आधी सांगितलंच होतं, हे ती बोलली नाही. मसाजी उरलेली मेंढरं घेऊन रानात जात राहिला. सुनेशी पुन्हा थेट बोलला नाही. तेवढ्यापुरतीच ती पद्धत मोडली होती.

दुकानात तिनं इंटरनेटवरच्या पानावरून काळा शर्ट काढला. काढायला बटण एकच होतं, ते दाबायला सकाळ गेली. ऑर्कुटवर पोरांनी विचारलं, मेंढा कुठं गेला? एकानं तर 'कुरुंद्याचा राजा' असं नाव लिहून पाच मागितले, घरी जाताना मित्रांना न्यायचे होते. तिनं उत्तर लिहिलं की नावाचे शर्ट बंद केलेत, 'काहून' आहे, पांढरा. पोरानं काही कळवलं नाही.

शिवहार मागच्या बाकावर पांढऱ्या शर्टांच्या घड्या घालत होता. पोस्टाची वेळ होत आली होती. चिकटपट्टी फाडल्याचा आवाज तेवढा येत होता.

"ह्यात किती म्हनलीस?" तो पाठमोरा म्हणाला.

"एकसष्ट."

"परत आलेले धरून?"

"धरून एकेचाळीस."

त्यानं पार्सलावर पत्ता लिहिला, ओळीखाली रेघ मारली आणि पुढचा शर्ट ओढला.

"बरं," तो म्हणाला.